मशीनचा व्हॉल्व्ह मिटतो आणि भिंत हादरते

वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरून झालं, की मागच्या भिंतीत धाडकन आवाज होतो. बऱ्याच घरांत मशीनलाच दोष दिला जातो. मशीनचा त्यात हात आहे, पण निम्माच.

मशीनच्या आत पाणी घेणारा विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो डोळ्याचं पातं लवण्याआधीच मिटतो. पाइपातलं पाणी मात्र वेगात असतं आणि त्याला वजनही असतं. पुढचा रस्ता एकाएकी बंद झाला, की त्याचा सगळा वेग दाबात बदलतो. या दाबाचं गणित निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोतल्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून 1898 मध्ये मांडलं.

तेच गणित घरात लावून पाहू. गच्चीवरची टाकी मशीनच्या 15 मीटर वर आहे, म्हणजे एरवी नळात साधारण दीड बार दाब असतो. टाकीपासून अर्धा इंची लोखंडी पाइप 30 मीटर लांब आहे आणि मिनिटाला दहा लिटर पाणी येतंय. म्हणजे पाण्याचा वेग झाला सेकंदाला जवळजवळ एक मीटर. व्हॉल्व्ह सेकंदाच्या विसाव्या भागात मिटला, तर वर सुमारे 12 बारचा धक्का बसतो. तेच पाणी हाताने, अर्धा सेकंद घेऊन बंद केलं, तर धक्का जेमतेम सव्वा बारचा. सगळा फरक बंद करण्याच्या वेळेचा. पाव फेऱ्यात मिटणारे नवे नळ झटक्यात बंद केले तर आवाज करतात, तेही म्हणूनच.

पहिला उपाय फुकटात होतो. मशीनमागचा अँगल कॉक थोडा थोडा बंद करत जा. वेग निम्मा झाला की धक्काही निम्मा होतो. मशीन भरायला वेळ लागेल, तेवढं सोसावं. फारच आवळला, तर पाणी येत नाही म्हणून मशीन तक्रार करेल. मग उघड्यावरच्या पाइपाला हात लावून पाहा. तो हलत असेल तर क्लँप सैल आहेत. क्लँप रबर घालून आवळले की आपटणं थांबतं, दाब मात्र तसाच राहतो.

दाब खरोखर शोषायचा असेल, तर मशीनच्या नळाजवळ वॉटर हॅमर अरेस्टर बसवून घ्यावा. त्यात पिस्टनमागे हवा कोंडलेली असते आणि धक्का तिच्यावर जातो. जुने प्लंबर यासाठी टोक बंद केलेला उभा पाइपाचा तुकडा जोडत. त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही काळाने तो निकामी होतो. लाइन रिकामी करून पुन्हा भरली, की परत चालतो.

मात्र प्रत्येक आवाज हा नव्हे. नळ चालू असताना घरघर होत असेल, तर वायसर किंवा स्पिंडल सैल असेल. गिझरच्या लाइनमध्ये टकटक होते ती पाइप तापून ताणल्यामुळे. आणि इमारतीचा पंप बंद होताच दणका बसत असेल, तर चढलेलं पाणी उलटं येऊन पंपाजवळच्या एनआरव्हीवर आदळतंय. तिथे स्प्रिंगचा एनआरव्ही लागतो, आणि ते काम सोसायटीच्या खर्चातलं आहे.