अडीच रुपये, कानासाठी

तलासरी-डहाणूकडच्या वारली मजुरांनी १९४५ साली गवतकापणीच्या दरासाठी संप केला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही त्यांची मागणी. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या संपावरच्या एका कथेचा इंग्रजी अनुवाद ऑडिओबुकसाठी वाचनायोग्य करायचं काम माझ्याकडे आलं, आणि नेमकी ही मागणीच सर्वांत अवघड ठरली.

अनुवादात जमीनदाराच्या वहीतला दर `Rs 2-8-0 per 500 lbs` असा होता. वाचणाऱ्या मुलीने पहिल्या तालमीत तो ‘आरएस टू एट झीरो’ असा वाचला. तिचा दोष नाही. रुपये-आणे-पैंची तीन घरं तिने कधी पाहिली नव्हती. मी ते अक्षरांत ‘टू रुपीज एट आनाज’ असं लिहिलं, तर नवा घोळ झाला. लगेच पुढे ‘फाइव्ह हंड्रेड पाउंड्स’ येत होतं. डोळे मिटून ऐकणाऱ्या मित्राने विचारलं, “हे पौंड म्हणजे विलायती पैसे का?” म्हणून गवत आधी आणलं आणि वजन हा शब्द घातला. मग पैशांचा आकडा.

तरीही एक अडचण उरली. वहीत दोन रुपये आठ आणे, पण मजुराच्या तोंडी ‘अडीच’. सोळा आण्यांचा रुपया हे ज्याला माहीत नाही, त्याला ही दोन वेगळी मागणी वाटते. छापील पानावर तळटीप देता येते. कानाला तळटीप नसते. म्हणून पहिल्याच वेळी, वही वाचली जाते तिथे, दोन्ही रूपं शेजारी ठेवली. पुढे ज्याचं त्याचं बोलणं तसंच राहू दिलं.

नावांचा घोटाळा रोमन लिपीचा. `Talasari` मधला कुठला `a` दीर्घ, हे स्पेलिंग सांगत नाही. त्यामुळे ‘टालासारी’ झालं. वाचकासाठी वेगळ्या कागदावर `tuh-LAA-suh-ree` आणि `duh-HAA-noo` असं लिहून दिलं. ड आणि ण साधले नाहीत तरी ऱ्हस्वदीर्घ सांभाळलं की नाव ओळखू येतं. हा कागद ध्वनिमुद्रणाच्या आधी द्यावा. मधेच उच्चार बदलला, तर ऐकणाऱ्याला दोन गावं वाटतात.

संवादात लखमा आणि लखू ही दोघं कानाला एकच वाटत. नावं बदलणं लेखकाचा अधिकार, माझा नव्हे. मराठीत ‘...असं लखू म्हणाला’ हे शेवटी येतं, अनुवादातही तसंच आलं होतं. तोवर वाचणारीने लखमाचा आवाज लावलेला असे. जिथे दोघं समोरासमोर आहेत, तिथे बोलणाऱ्याचं नाव वाक्याआधी नेलं. ‘कुजबुजला’ हेही आधीच सांगितलं. पुढच्या तालमीत मित्राने कोण काय बोललं ते कागदावर लिहून घेतलं; एकाच ठिकाणी चूक निघाली, तिथे नाव पुन्हा घातलं.