एका स्लाइडला एकच काम

सकाळी साडेसहा, शिरोली एमआयडीसी

पहिली पाळी सातला सुरू होते आणि तिसऱ्या पाळीची माणसं त्याच सुमाराला बाहेर पडतात. फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर दोन्ही पाळ्या भेटतात, म्हणून मी ही वेळ धरली. इथल्या एका फाउंड्रीला आपल्या कामगारांसाठी आणि ऑफिसातल्या लोकांसाठी झोपेच्या सवयींवर एक कॅरोसेल हवं आहे. इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत बघायच्या सात स्लाइड, मधल्या प्रत्येकीवर संध्याकाळच्या दिनक्रमातला एक छोटा बदल. एचआरमधल्या मॅडमची एक अट स्पष्ट आहे: आजार, उपचार, फायदा यांतलं काहीही लिहायचं नाही.

त्यामुळे मी कोणालाच ‘झोप कशी लागते?’ असं विचारत नाही. तो डॉक्टरांचा प्रश्न. माझा प्रश्न एवढाच, की घरी पोचल्यापासून आडवं होईपर्यंत हातून काय काय होतं. मोल्डिंगमधले काका म्हणाले, “जेवलो की मोबाईल. त्यो हातातनं पडला की झोपलो म्हणायचं.” कागलहून येणाऱ्या अकाउंट्समधल्या ताईंचा दिवस ओटा पुसून झाल्याशिवाय संपत नाही. मेंटेनन्समधला एक तरुण एरवी दुसऱ्या पाळीला असतो. तो म्हणाला, “मॅडम, आमची संध्याकाळ रात्री बाराला सुरू हुतीया.”

त्याच्या या वाक्याने माझा अर्धा मजकूर ठरवला. ‘रात्री दहाला फोन ठेवा’ असं लिहिलं तर तो त्या वेळी मशीनपाशी उभा असतो. स्लाइडवर घड्याळाची वेळ टाकायची नाही. ज्याच्या त्याच्या घरात रोज घडणाऱ्या गोष्टीला बदल जोडायचा: ताट उचललं की, ओटा पुसला की, दाराला कडी घातली की. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा नेमक्या ठरवण्यावर लेख लिहिला आणि नुसत्या इच्छेपेक्षा असं ठरवणं जास्त पाळलं जातं, असं मांडलं. फाटकासमोर उभं राहिलं की ते पटतं. कोणाची साडेदहाची वेळ ठरलेली नसते, पण कडी सगळेच घालतात.

सकाळी साडेनऊ, राजारामपुरी

स्टुडिओत आल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीकडून आलेला कच्चा मजकूर तपासणं. मी त्यातली क्रियापदं बघते. हाताने करायची क्रिया असेल तर वाक्य राहतं. शरीरात काय होईल हे सांगणारी असेल तर जातं. ‘दिवा मालवा’ राहतं. ‘मेंदू शांत होतो’ जातं. ‘गाढ झोप लागेल’, ‘निद्रानाश पळवा’, ‘थकवा जाईल’ हे सगळं जातं. ‘नैसर्गिक उपाय’ हेही जातं, कारण उपाय म्हटलं की त्यामागे आजार उभा राहतो. १९५४ पासून औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२३ मध्ये आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता दाखवावी, असा नियमही केला. आमचं पोस्ट औषधाची जाहिरात नाही, पण शिस्त तीच ठेवायची. माझ्याकडे वैद्यकाची पदवी नाही, म्हणून निकालाचं वचन देण्याचा मला अधिकारही नाही.

सगळ्यात जास्त चर्चा दुधावर झाली. कच्च्या मजकुरात एक स्लाइड होती: झोपण्यापूर्वी कोमट दूध. कोल्हापुरात हे कोणालाही चालेल असं वाटतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पेल्याने पिणारं हे गाव. तरीही स्लाइड काढली. ‘दूध प्या’ एवढंच लिहिलं तर ती आहाराची सूचना होते, आणि सूचना का दिली याचं उत्तर शेवटी ‘झोप येते’ असंच द्यावं लागतं. शिवाय कोणाला दूध सोसत नाही, कोणाला डॉक्टरांनी वर्ज्य केलेलं असतं. खाण्यापिण्यात काही वाढवा असं आम्ही कुठेच सांगायचं नाही, एवढं ठरलं.

सकाळी साडेअकरा

आता उरलेले पाच बदल लिहायचे. पहिली स्लाइड मुखपृष्ठ, शेवटची सूचनेची, मधल्या पाचांवर एकेक.

चहाची स्लाइड दुसऱ्या क्रमांकावर घेतली, कारण तो बदल दिवसाच्या क्रमात सगळ्यात आधी येतो. ‘कामावरून सुटताना जो चहा घेता, तो आजचा शेवटचा.’ कॅफिन शरीरात किती तास राहतं वगैरे लिहिण्याचा मोह होतो. ती माहिती खरी असली, तरी तास माणसागणिक बदलतात आणि आकडा छापला की तो नियम वाटू लागतो.

दिव्याची स्लाइड: ‘ताट उचललं की ट्यूब बंद, छोटा दिवा चालू.’ इथे घराचा विचार करावा लागला. उद्यमनगरच्या आसपास अनेक घरांत एकाच खोलीत मुलांचा अभ्यास, आजीचा जप आणि टीव्ही चालतो. तिथे ट्यूब बंद करणं एकट्याच्या हातात नसतं. म्हणून खाली दुसरी ओळ आली: ‘खोली सामाईक असेल तर ट्यूब तुमच्या पाठीमागे राहील अशा बाजूला बसा.’

वहीच्या स्लाइडवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. ‘ओटा पुसला की वहीत उद्याची तीन कामं लिहा आणि वही मिटा.’ या कल्पनेमागे एक प्रयोग आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत एक रात्र झोपवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरीने काही मिनिटं लवकर झोप लागली. कंपनीतल्या एकाने हे स्लाइडवर टाका म्हणून आग्रह धरला. मी नको म्हटलं. तरुण, निरोगी, प्रयोगशाळेतली एकच रात्र. त्यावरून मोल्डिंगमधल्या पन्नाशीच्या काकांना ‘तुम्हीही लवकर झोपाल’ असं सांगता येत नाही. प्रयोगाचा उपयोग आम्ही निवडीपुरता केला: झालेल्या दिवसाची रोजनिशी नाही, उद्याची कामं. ‘तीन’ हा आकडा आमचा, वही हाताबाहेर जाऊ नये म्हणून. बदल नीट बसला नाही तर कसं ओळखायचं? यादी दहा ओळींची झाली की समजावं, वही मिटण्याऐवजी माणूस पुन्हा कामालाच बसलाय.

चार्जरची स्लाइड सोपी वाटते, पण तीच बहुतेकदा मोडते. ‘दाराला कडी घातली की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.’ ‘फोन कमी वापरा’ हे कोणी पाळत नाही, कारण त्यात हाताला ठरलेलं काम नाही. चार्जरची जागा बदलली की पिन शोधायला माणूस उठून बाहेर जातो, काम आपोआप होतं. मग दोन अडचणी लगेच समोर येतात. गजर फोनमध्येच असतो, आणि गावाकडून रात्री फोन येईल ही धाकधूक असते. म्हणून त्याच स्लाइडवर लिहिलं: ‘गजराचं साधं घड्याळ उशाशी ठेवा. फोनची रिंग मोठी ठेवा.’ ही दोन वाक्यं गाळली तर तिसऱ्या दिवशी चार्जर उशाशी परत येतो.

पाचवा बदल सुट्टीच्या आदल्या रात्रीचा: ‘गजर बंद करू नका, रोजचाच ठेवा.’ पाळी बदलणाऱ्यांना हा लागू नाही, आणि तसं स्लाइडवर लिहिलं आहे.

दुपारी अडीच

मांडणी. पान १०८० बाय १३५० पिक्सेलचं, उभं. हातातल्या फोनवर त्याची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे ४८ पिक्सेलचं अक्षर जेमतेम तीन मिलिमीटरचं दिसतं. त्याखाली जायचं नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फॉन्ट मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ घेतला. पार्श्वभूमी पांढरी नाही, गडद निळसर. अंधाऱ्या खोलीत कोणी उघडलं तर डोळ्यांवर लख्ख पांढरं येऊ नये.

सायंकाळी साडेचार

एचआरच्या मॅडम फोनवर सगळं वाचतात. त्यांनीच आठवण करून दिली, की कामगार इन्स्टाग्रामपेक्षा पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जास्त बघतील. तिथे कॅरोसेल राहत नाही, सुटे फोटो जातात. कोणी चार्जरचा एकटाच फोटो मेव्हण्याला पाठवतो, कोणी वहीचा. आमची सूचना मात्र शेवटच्या स्लाइडवर होती, ती मागेच राहणार. इन्स्टाग्रामही पहिली स्लाइड सोडून गेलेल्याला नंतर दुसरी दाखवू शकतं. म्हणजे प्रत्येक स्लाइड एकटी उभी राहिली पाहिजे. बाणाची खूण, ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘पुढे पाहा’ सगळं काढलं आणि प्रत्येकीच्या तळाला एक ओळ आली: ‘ही सवयीची सूचना आहे, उपचार नाही.’ शेवटच्या स्लाइडवर थोडं सविस्तर: झोपेची तक्रार बरेच दिवस असेल, घोरताना श्वास अडतो असं घरचे सांगत असतील, किंवा दिवसा मशीनवर डुलकी येत असेल, तर पोस्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा.

संध्याकाळी सव्वासहा

पोस्ट गेलं. रात्री साडेदहाला जास्त लोक ऑनलाइन असतात असा हिशेब आमच्याच ऑफिसात मांडला गेला होता. पण तेव्हा चहाची वेळ उलटलेली असते, ट्यूब चालूच असते आणि वाचणारा फोन घेऊन आडवा झालेला असतो. बदल करायचा तर तो करायला संध्याकाळ शिल्लक हवी. दुसऱ्या पाळीच्या ग्रुपवर तेच फोटो उद्या दुपारी, ते कामावर निघण्याआधी जातील.

तुमच्यापर्यंत हे पोस्ट आलं तर पाचही बदल एकदम सुरू करू नका. तुमच्या घरात जो बसेल तो एकच घ्या आणि पंधरवडाभर तेवढाच करा. आणि अंथरुणात पडून बघत असाल, तर आत्ता फक्त सेव्ह करा. उद्या कामावरून सुटताना उघडा.