मध्येच उमटणारी पट्टी

लांबलचक लेख जपून ठेवण्यासाठी स्क्रोल करत स्क्रीनशॉट घेतला, की संकेतस्थळाचं नाव आणि मेनू असलेली वरची पट्टी त्यात ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा उमटलेली दिसते. पान सरकतं, पण ही पट्टी स्क्रीनच्या माथ्याला चिकटून राहते. स्क्रीनशॉटचं ॲप एकेक स्क्रीन टिपून तुकडे एकाखाली एक जोडत असेल, तर प्रत्येक तुकड्याबरोबर पट्टीही येणारच.

बाजूचा रकाना काढणं सोपं असतं. तो सगळीकडे एकाच जागी असल्याने अख्ख्या लांबीला एकदाच क्रॉप केलं की झालं. पट्ट्यांचं तसं नाही. क्रॉप फक्त कडा छाटतं, चित्राच्या मधला भाग काढत नाही. म्हणून आधी चित्राचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या माथ्यावरची पट्टी छाटायची आणि मग ते जोडायचे.

समजा, लॅपटॉपवर टिपलेला प्रत्येक तुकडा 1366 पिक्सेल रुंद आणि 650 उंच आहे. पट्टी 90 पिक्सेलची, उजवा रकाना 300 चा. ही मापं चित्र मोठं करून चित्रावरच घ्यावीत. स्क्रीनचं स्केल 125 टक्के असेल तर तीच पट्टी चित्रात जाड उमटते. प्रत्येक तुकड्यातून वरचे 90 पिक्सेल काढले की 560 उरतात. दर वेळी पान बरोबर 560 पिक्सेल सरकलं असेल, तर ओळी नीट जुळतात. ते 500च सरकलं असेल, तर 60 पिक्सेलचा मजकूर दोनदा आलेला असतो. तिथे 90 ऐवजी 150 छाटायचे. शेवटच्या तुकड्यात हे हमखास होतं, कारण पान संपल्यावर पुढे सरकायला जागाच नसते. तिथे पान 200च सरकलं, तर 450 छाटावे लागतात.

खरं नुकसान उलट बाजूने होतं. पान पूर्ण 650 पिक्सेल सरकलं, तर दर सांध्याला 90 पिक्सेलचा मजकूर, म्हणजे साधारण तीन ओळी, पट्टीमागेच राहून जातात. त्या चित्रात कधी आलेल्याच नसतात, त्यामुळे कितीही कौशल्याने क्रॉप केलं तरी मिळणार नाहीत. पट्टी काढल्यावर चित्र स्वच्छ दिसतं आणि तीच चूक झाकली जाते. म्हणून प्रत्येक सांध्याच्या वरची ओळ आणि खालची ओळ सलग वाचून पाहावी. वाक्य तुटत असेल, तर तेवढा भाग कमी स्क्रोल करून पुन्हा टिपावा.

फायरफॉक्स, सफारी यांसारख्या ब्राउझरांत रीडर व्ह्यू असतो; तो चालू केला की बहुतेक लेखांच्या पानांवर पट्टी आणि रकाना दोन्ही जातात. टिपण्याआधी तो एकदा करून पाहाच. छाटलेलं चित्र मात्र पीएनजीमध्ये साठवा, कारण जेपेग पुन्हापुन्हा साठवल्याने अक्षरांच्या कडा फिसकटतात. आणि सगळे सांधे वाचून होईपर्यंत मूळ स्क्रीनशॉट पुसू नका.