डॉक्टरांना चिठ्ठी लिहून न्या

शौचाची तक्रार सांगताना माणूस संकोचतो आणि ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावर उरकतो. त्यापेक्षा चिठ्ठी लिहून न्यावी. ५२ वर्षांच्या एखाद्या गृहिणीची चिठ्ठी अशी असू शकते:

‘डॉक्टरसाहेब, चार महिने झाले, तीन-तीन दिवस शौचाला होत नाही. खडा होतो, कुंथावं लागतं. महिन्यातून एक-दोनदा शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात, पण दुखत नाही. वजन तीन किलो उतरलंय. हिमोग्लोबिन कमी म्हणून सहा महिने लोहाच्या गोळ्या घेते. वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता.

गोळ्यांमुळे खडा होतो का? त्या बदलता येतील का? रक्त मूळव्याधीचंच आहे हे कशावरून ठरवणार? मला कोलोनोस्कोपी लागेल का? इसबगोल किती आणि किती पाण्याबरोबर घेऊ?’

न दुखता पडणारं लाल रक्त बहुधा मूळव्याधीचं असतं. चिरल्यासारखी कळ येत असेल, तर फिशरचा संशय येतो. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, शौचही काळपट होते. पण इथे वय, उतरलेलं वजन आणि वडिलांचा आजार या गोष्टी मूळव्याधीवर थांबू देत नाहीत. कमी हिमोग्लोबिनही आतून होणाऱ्या रक्तस्रावाची खूण असू शकते. म्हणून मूळव्याध दिसली, तरी आतड्याच्या तपासणीबद्दल विचारावंच.

डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, रक्त थांबेना किंवा चक्कर आली, तर चिठ्ठी लिहीत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावं.