वार्षिक निकालाचा दिवस: ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाचा दिनक्रम

सकाळी ६.००
मे महिना सरत आलाय आणि आज कंपनीचे वार्षिक निकाल आहेत. मी या सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालक आणि ऑडिट कमिटीचा अध्यक्ष आहे. प्रवर्तक कुटुंबाकडे ५५ टक्के शेअर आहेत, उरलेले ४५ टक्के हजारो लहानमोठ्या गुंतवणूकदारांकडे. बैठकीत त्यांच्यापैकी कुणी नसेल, त्यांच्या वतीने प्रश्न विचारायचं काम आमचं.

बाकीची विषयपत्रिका आधीच आली होती, पण निकालाचे आकडे गोपनीय म्हणून काल रात्री मिळाले. मी आधी रोख प्रवाहाचं पान उघडतो. कागदावरचा नफा वाढला आणि हातात पैसा आला नाही, तर उधारी कुणाकडे अडकली हे पाहावं लागतं.

सकाळी ९.३०
लेखापरीक्षकांशी स्वतंत्र भेट. सीएफओ आणि व्यवस्थापन बाहेर थांबतात. मी विचारतो, कोणती माहिती मागूनही उशिरा मिळाली? कोणत्या आकड्यावर मतभेद झाला? मुदत ठेवींची खातरजमा बँकेकडून थेट तुमच्याकडे आली की कंपनीमार्फत?

तिसरा प्रश्न सत्यम कॉम्प्युटर्सच्या घोटाळ्यामुळे कायमचा डोक्यात बसलाय. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यमचे तत्कालीन अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे ठेवींवरचं व्याजही ताडून पाहतो. ३०० कोटींच्या ठेवींवर वर्षाचं व्याज अवघं ६ कोटी, म्हणजे २ टक्के, दिसलं तर शंका येते: पैसे वर्षभर ठेवीत नव्हते, किंवा मुळात आलेच नाहीत. महिनावार शिल्लक मागवली की उलगडा होतो. आज व्याज आणि शिल्लक जुळतात.

सकाळी ११.००
कमिटीची बैठक. नियमाप्रमाणे सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र संचालक आहेत. आजचा कळीचा विषय संबंधित पक्षाशी व्यवहाराचा. पॅकिंगचं सामान प्रवर्तकांच्या भावाच्या फर्मकडून वर्षाला ४० कोटींना घ्यायचा प्रस्ताव आहे. तेवढ्याच मालाला बाहेरच्या पुरवठादाराचा दर ३६ कोटी पडतो.

हे ४ कोटी कुणाच्या खिशातून जातात? कर बाजूला ठेवून हिशेब मांडू. कंपनीचं नुकसान ४ कोटी. त्यातला ५५ टक्के वाटा, म्हणजे २ कोटी २० लाख, कुटुंबाला सोसावा लागतो, पण भावाच्या फर्ममधून घरात ४ कोटी येतात. कुटुंबाचा निव्वळ फायदा १ कोटी ८० लाख, आणि तो नेमका ४५ टक्केवाल्या भागधारकांच्या वाट्यातून येतो. एकही खोटी नोंद न करता हे घडू शकतं.

"साहेब, त्यांचा माल कधी उशिरा येत नाही," व्यवस्थापकीय संचालक सांगतात. कारण रास्त असू शकतं. म्हणून मी पुरवठ्याच्या तारखा आणि नाकारलेल्या मालाची नोंद मागतो. दोन्ही पुरवठादारांमध्ये फरक नगण्य निघतो. व्यवस्थापकीय संचालकही कमिटीचे सदस्य आहेत, पण अशा व्यवहाराला मंजुरी फक्त स्वतंत्र सदस्य देतात. आम्ही एका तिमाहीपुरती, ३६ कोटींच्या वार्षिक दराने मंजुरी देतो आणि पुढच्या बैठकीआधी नवे दर मागवायला सांगतो. ४० कोटींच्या दराला आमचा विरोध आणि त्याची कारणं इतिवृत्तात नोंदवली जातात.

दुपारी १.००
संचालक मंडळाची बैठक. आमची शिफारस मांडतो, निकाल मंजूर होतात. २.४० ला बैठक संपते. कंपनी सेक्रेटरींना अर्ध्या तासात आकडे शेअर बाजाराला कळवायचे असतात.

संध्याकाळी ५.००
इतिवृत्ताचा मसुदा वाचताना या रचनेची मर्यादा समोर येते. स्वतंत्र संचालकाचं नाव बहुधा प्रवर्तकच सुचवतात आणि बरीचशी माहिती व्यवस्थापनाकडूनच येते. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या मंडळाने, नामवंत स्वतंत्र संचालक असताना, राजू कुटुंबाशी निगडित दोन मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायला मान्यता दिली. तो सौदा गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांत मागे घ्यावा लागला. खुर्ची भरली म्हणजे राखण झाली, असं होत नाही.

म्हणून गुंतवणूकदारानेही दोन कागद वाचावेत. पहिला, संबंधित पक्षांच्या व्यवहारांचा तपशील; सूचीबद्ध कंपनीला तो दर सहामाहीला जाहीर करावा लागतो. दुसरा, स्वतंत्र संचालकाचं राजीनामापत्र. कारणांसह ते सात दिवसांत बाजाराला द्यावं लागतं. मुदत बाकी असताना ऑडिट कमिटीचा अध्यक्ष ‘वैयक्तिक कारणा’ने गेला आणि पाठोपाठ लेखापरीक्षकही गेले, तर पुढचा निकाल येण्याआधीच कंपनीला जाब विचारावा.