एक तक्ता, दोनशे सुपर-की

शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांचा एक तक्ता आहे. त्यात आठ रकाने आहेत: जनरल रजिस्टर क्रमांक, आधार क्रमांक, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल. तक्ता फक्त चालू वर्षाचा आहे आणि प्रत्येक मुलाचे आधार आलेले आहे, असे धरू. आता प्रश्न असा, की एका मुलाची नोंद नेमकी शोधायची तर कोणते रकाने पुरतील?

ज्या एका किंवा अनेक रकान्यांवरून नेमका एकच विद्यार्थी सापडतो, त्या संचाला सुपर-की म्हणतात. नुसता जनरल रजिस्टर क्रमांक ही सुपर-की झाली. त्याला नाव जोडले तरी ती सुपर-कीच राहते, मोबाइल जोडला तरीही. नावाची काही गरज नव्हती, पण त्याने बिघडतही नाही. असे सगळे संच मोजले तर या आठ रकान्यांतून तब्बल 200 सुपर-की निघतात.

त्यातला फापटपसारा काढून टाकला की उरते ती कँडिडेट-की. कसोटी सोपी आहे. संचातला एकेक रकाना झाकून पाहायचा. कोणताही एक झाकल्यावर ओळख पटेनाशी होत असेल, तर ती कँडिडेट-की. जनरल रजिस्टर क्रमांक या कसोटीला उतरतो, आधार क्रमांकही उतरतो.

तिसरी कँडिडेट-की मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक हे तिन्ही मिळून एकच मूल दाखवतात: आठवी ब, हजेरी क्रमांक 17. यातली इयत्ता झाकली तर सातवी ब मधलाही 17 क्रमांक पुढे येतो. तुकडी झाकली तर आठवी अ मधला येतो. हजेरी क्रमांक झाकला तर अख्खा वर्गच उभा राहतो. म्हणून रकाने तीन असले तरी ही कँडिडेट-कीच आहे. कमीत कमी रकाने म्हणजे एकच रकाना, हा समज इथे चुकतो. त्यातला एकही काढता येऊ नये, एवढीच अट आहे.

मग नाव आणि जन्मतारीख यांची जोडी का नाही चालत? आज शाळेत अशी जोडी एकाच मुलाची असेलही. पण त्याच नावाचे, त्याच दिवशी जन्मलेले दुसरे मूल उद्या प्रवेश घ्यायला आले, तर त्याला नाही म्हणता येत नाही. की ठरते ती नियमावर, आज तक्त्यात योगायोगाने काय दिसते यावर नाही. मोबाइलचे तर बोलायलाच नको, सख्ख्या भावंडांचा तो एकच असतो.

तीन उमेदवारांतून एकाची निवड करायची, ती प्रायमरी-की. 1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी या पद्धतीचा पाया घातला. त्यांच्या मूळ निबंधात ही निवड मर्जीवर सोडलेली आहे. प्रत्यक्ष कामात मात्र विचार करावा लागतो, कारण गुणांचा आणि फीचा तक्ता याच कीच्या आधारे मुलाशी जोडलेला असतो. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, म्हणजे जूनमध्ये सगळीकडे दुरुस्त्या आल्या. आधार ही खाजगी माहिती, ती प्रत्येक तक्त्यात कशाला पसरवायची? शिवाय उद्या आधार नसलेले मूल आले तर त्याची नोंदच होणार नाही, कारण प्रायमरी-की रिकामी ठेवता येत नाही. जनरल रजिस्टर क्रमांक प्रवेशाच्या वेळी मिळतो आणि शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. म्हणून निवड त्याची.

निवड न झालेल्या उरलेल्या दोन कँडिडेट-की म्हणजे अल्टरनेट-की. खरी गफलत इथेच होते. प्रायमरी-की नेमली की काम संपले असे समजून या दोघींना कोणी विचारत नाही. मग आठवी ब मध्ये 17 क्रमांक चुकून दोन मुलांना दिला जातो. दोघांचे रजिस्टर क्रमांक वेगळे असल्याने संगणक तक्रार करत नाही. हजेरीपटावरून गुण भरले जातात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात जातात. असे काही झाले आहे का, हे या प्रश्नाने कळते:

```sql
SELECT iyatta, tukdi, hajeri, COUNT(*)
FROM vidyarthi
GROUP BY iyatta, tukdi, hajeri
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तरात एकही ओळ आली नाही, तर तक्ता स्वच्छ आहे. पुढे तो तसाच राहावा म्हणून नियम घालून ठेवायचा:

```sql
ALTER TABLE vidyarthi
ADD UNIQUE (iyatta, tukdi, hajeri);
```

एक पथ्य पाळायचे. हे तिन्ही रकाने `NOT NULL` हवेत, कारण बहुतेक डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला `UNIQUE` चा नियम लागत नाही. आधारच्या रकान्यालाही असाच नियम घाला. प्रायमरी-की एकच असते, पण राखण सगळ्याच कँडिडेट-कींची करावी लागते.