स्वप्नातली चाल : आठवलेली किती, रचलेली किती?

औरंगपुऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब तपासायला आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पहाटे स्वप्नात गाणं ऐकलं. चाल आठवते, शब्द नाहीत. मेंदूत बिघाड तर नाही ना?"

बिघाड नव्हता. स्वप्नातले मेंदू नीट साठवत नाही. जाग आल्यावर गाळलेल्या जागा तोच भरतो आणि भरलेला भागही आठवणच वाटतो.

मी त्यांना चाल लगेच गुणगुणायला लावून मोबाइलवर मुद्रित केली. संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी, आधीचे न ऐकता, पुन्हा मुद्रित करायला सांगितले. तिन्ही वेळा पहिली ओळ तीच होती. दुसरी दर वेळी वेगळी. पहिलीवरून घरच्यांनी 'अमर भूपाळी' (१९५१) चित्रपटातले 'घनश्याम सुंदरा' ओळखले. गाणे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "दुसरी ओळही अशीच होती!" मुद्रण मात्र तसे सांगत नव्हते. म्हणून गाणे शोधण्यापूर्वी मुद्रण करावे. नंतर खरे गाणे आठवणीवर चढते.

जी ओळ टिकते ती बहुधा ऐकलेली. पण घोकल्याने रचलेलीही टिकते, एवढे लक्षात ठेवावे.

जागेपणी मात्र बाहेरून गाणे ऐकू येत असेल, तर कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांत असे घडते.